घरचं मोझरेला ताणलं जात नाही: आम्लता, कॅल्शियम आणि पाण्याचं तापमान

प्रश्न: पिशवीतलं म्हशीचं फुल क्रीम दूध चार लिटर घेतलं. एका परदेशी रेसिपीप्रमाणे सात ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि दूध गोठवणारं रेनेट घातलं. कर्ड छान लागलं, सुरीने स्वच्छ कापलंही गेलं. पण गरम पाण्यात टाकून ताणायला गेले तर तार येण्याऐवजी तुकडे पडले. पुढच्या वेळी ॲसिड दुप्पट केलं, तर सगळा लगदा झाला आणि पाणी दुधाळ झालं. पाणी किती गरम हवं? माझं नक्की काय चुकतंय?

उत्तर:

ताई, पाणी किती गरम हवं ते पुढे सांगतोच, पण तुमचा खरा घोटाळा पाण्यात नाही. पहिल्या खेपेला ॲसिड कमी पडलं आणि दुसऱ्या खेपेला फार झालं. रेसिपी चुकीची नव्हती. ती गाईच्या दुधाची होती आणि तुम्ही ती म्हशीच्या दुधाला लावलीत. एक गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर दूध आणि दीड चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड, हे प्रमाण इंटरनेटवर सगळीकडे फिरत असतं. ते तिकडच्या गाईच्या दुधासाठी बसवलेलं आहे. आपल्याकडच्या सहा टक्के फॅटच्या पिशवीतल्या दुधात प्रथिनं जास्त, कॅल्शियम जास्त आणि फॉस्फेटही जास्त असतं. हे तिन्ही घटक ॲसिड पचवतात. त्यामुळे तेवढ्याच ॲसिडने गाईचं दूध जिथवर आंबट होतं, तिथवर म्हशीचं होत नाही.

आता ताणण्याचा आणि आंबटपणाचा संबंध काय, ते नीट समजून घ्या. एकदा ते कळलं की कुठलंही दूध हाती आलं तरी अडणार नाही.

दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. ते सुटं सुटं नसतं, बारीक गोळ्यांच्या रूपात असतं, आणि या गोळ्यांच्या आत केसीनचे धागे एकमेकांना कॅल्शियम फॉस्फेटने जखडलेले असतात. हे शिवणीचे टाके समजा. रेनेट घातलं की हे गोळे एकमेकांना चिकटून जाळं बनतं, म्हणजेच कर्ड लागतं. पण टाके तसेच घट्ट राहिले तर कापड ताणलं जात नाही, ओढलं की फाटतं. सगळे टाके उसवले तर कापडच हातात राहत नाही. मोझरेलाला मधली अवस्था हवी असते. काही टाके सुटलेले, काही शाबूत, म्हणजे गरम केल्यावर धागे एकमेकांवरून सरकतील पण एकमेकांना सोडणार नाहीत.

हे टाके सोडवण्याचं काम ॲसिड करतं. दूध आंबट होत जातं तसतसं केसीनला चिकटलेलं कॅल्शियम विरघळून पाण्यात उतरतं आणि निवळीबरोबर निघून जातं. आंबटपणा पीएचच्या आकड्यात मोजतात, आकडा जितका खाली तितकं दूध जास्त आंबट. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो. गाईच्या दुधाला विरजण लावून केलेलं मोझरेलाचं कर्ड ५.२ च्या आसपास आलं की ताणायला तयार होतं. सायट्रिक ॲसिड थेट दुधात घातलं तर मात्र ५.६ लाच तार येते. पहिल्यांदा हे आकडे वाचणारा गोंधळतो की एकाच चीझचे दोन पीएच कसे. कारण असं की सायट्रिक ॲसिड दोन बाजूंनी काम करतं. एक तर ते दूध आंबट करतं, आणि शिवाय त्यातला सायट्रेट कॅल्शियमला स्वतःकडे ओढून धरतो. वर हे सगळं कर्ड लागण्याआधीच, दूध पातळ असताना होतं. त्यामुळे कमी आंबटपणातही पुरेसं कॅल्शियम निघून जातं. म्हणून विरजणाच्या रेसिपीतला ५.२ हा आकडा सायट्रिक ॲसिडच्या रेसिपीला लावू नका. लावलात तर तुमच्या दुसऱ्या खेपेसारखा लगदा होतो.

इटलीत कंपानियामध्ये म्हशीच्या दुधाचं मोझरेला विरजणावर करतात, म्हणजे आदल्या दिवशीची आंबलेली निवळी दुधात घालतात. तिथे कर्ड निवळीखाली काही तास राहू देतात आणि पीएच ५ च्या आसपास, कधी किंचित खालीही उतरू देतात. म्हणजे गाईच्या कर्डापेक्षा बरंच आंबट. म्हशीच्या दुधात टाके मुळातच जास्त असतात, तेव्हा ते जास्त उसवावे लागतात, हे तिथल्या मुरलेल्या हातांना पीएच मीटर यायच्या आधीपासून ठाऊक आहे. ते कर्डाचा लहानसा तुकडा गरम पाण्यात टाकून ओढून बघतात आणि तार आली तरच बाकीच्याला हात लावतात. घरी करणाऱ्यानेही हीच सवय लावून घ्यावी.

ती परीक्षा अशी करायची. कर्ड निथळून एकजीव झालं की त्यातून सुपारीएवढा तुकडा काढा आणि पातळ चकती करा. वाटीत ८० अंशाचं पाणी घ्या, थर्मामीटर लावूनच. चकती त्यात मिनिटभर ठेवा, चमच्याने घडी घाला, पुन्हा अर्धं मिनिट ठेवा आणि मग दोन बोटांत धरून हळू ओढा. बरोबर जमलेलं कर्ड आधी चकचकीत होतं, मग लांबट होत आपल्याच वजनाने खाली लोंबायला लागतं आणि वीतभर तरी न तुटता येतं. कडेला बारीक रेषा दिसतात, शिजवलेल्या चिकनच्या मांसाला दिसतात तशा. ओढताना झटका द्यायचा नाही, झटक्याने चांगलं कर्डही तुटतं.

तार आली नाही तर नक्की काय दिसतंय तिकडे डोळे लावा, कारण कमी आंबट आणि जास्त आंबट कर्ड अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडतं. कमी आंबट असेल तर तुकडा पाण्यात आपला आकार सोडत नाही. मऊ होतो, पण ओढला की रबरासारखा थोडा ताणून फट्कन तुटतो, आणि तुटलेली कड खडबडीत, दाणेदार दिसते. चकाकी येत नाही. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. चावून पाहिलं तर दाताखाली कचकच करतं. जास्त आंबट असेल तर उलट होतं. तुकडा वितळल्यासारखा पसरतो, बोटांना चिकटतो, त्याचे दाणे सुटत जातात आणि पाणी दुधाळ होतं, वर तुपाचे डोळे दिसायला लागतात. कारण जाळं इतकं ढिलं झालेलं असतं की ते फॅट धरून ठेवू शकत नाही. तुम्ही दोन्ही खेपांचं जे वर्णन केलंय ते या दोन चित्रांशी तंतोतंत जुळतं. पहिल्यात तुकडे, दुसऱ्यात लगदा.

पण थांबा. कमी आंबट कर्ड आणि पुरेसं न तापलेलं कर्ड वरवर सारखंच दिसतं, दोन्हींचे तुकडेच पडतात. म्हणून तापमानाचा मुद्दा आधी निकालात काढायचा. दुसरी चकती घ्या आणि ९० अंशाच्या पाण्यात टाका. तार आली, तर तुमचं कर्ड ठीक होतं, फक्त थंड होतं. ९० अंशालाही तुकडेच पडले आणि उलट आणखी कडक झाले, तर ॲसिड कमी आहे. मग पाणी कितीही उकळा, उपयोग नाही. एवढी एक चाचणी केली तर लोकांचे निम्मे वाद मिटतील, कारण बहुतेक जण कर्ड तुटलं की पाणी आणखी तापवतात, तेवढ्यात फॅट निघून जातं आणि शेवटी हातात खोडरबर येतं.

आता तापमानाचं. मोझरेला ताणताना महत्त्वाचं असतं ते कर्डाच्या पोटातलं तापमान, पाण्याचं नव्हे. पोटात ५८ ते ६२ अंश हवेत. ५५ च्या खाली बहुतेक कर्ड तुटतं. रेसिपीत ‘८० अंशाचं पाणी’ लिहिलेलं असतं, पण किती पाणी आणि किती थंड कर्ड, हे कोणी लिहीत नाही. हिशोब करून बघा. अर्धा किलो कर्ड आहे, ते ३० अंशाला आहे, आणि तुम्ही त्यावर ८० अंशाचं अर्धा लिटर पाणी ओतलंत. सगळं सारखं झाल्यावर तापमान येईल ५८ च्या आसपास, आणि त्यातून परातीने खाल्लेली उष्णता वजा करा. म्हणजे जेमतेम. तेच कर्ड फ्रिजमधून काढलेलं, १० अंशाचं असेल, तर ५० सुद्धा गाठणार नाही, आणि तुम्ही म्हणाल रेसिपी खोटी आहे. उलट ३० अंशाच्या कर्डावर एक लिटर पाणी ओतलं तर ६५ पर्यंत जातं. म्हणून कर्डाच्या दुप्पट तरी पाणी घ्या आणि ते दोन हप्त्यांत ओता. पहिलं पाणी कर्ड तापवून स्वतः निवतं, ते ओतून टाका आणि दुसरं ताजं गरम पाणी घाला. पसरट स्टीलची परात घेऊ नका, त्यात पाणी बघता बघता थंड होतं. जाड बुडाचं खोल पातेलं घ्या आणि ते आधी गरम पाण्याने विसळून घ्या. कर्डाचा एकच मोठा गोळा टाकू नका, बोटभर जाडीच्या पट्ट्या कापा. गोळ्याच्या बाहेरचा थर वितळून त्यातलं फॅट निघेपर्यंत आत गारच राहतं.

कंपानियात उकळतं पाणी वापरतात हे खरं आहे, पण ते कर्ड बारीक पट्ट्यांत कापलेलं असतं आणि लाकडी काठीने ते सारखं उचलून घोळवत असतात, त्यामुळे उकळत्या पाण्याचा चटका कर्डाला एका जागी बसत नाही. घरी ८० ते ८५ अंश पुरे. शिवाय सायट्रिक ॲसिडचं कर्ड मऊ असतं, त्याला जास्त उष्णता सोसत नाही. हाताला दोन जोड हातमोजे घाला, आत सुती आणि बाहेर रबरी, आणि सुरुवातीची कालवाकालव चमच्यानेच करा.

आता तुमचीच पुढची खेप मी कशी करेन ते सांगतो. चार लिटर, सहा टक्के फॅटचं पिशवीतलं दूध, फ्रिजमधलं थंडगार. उकळायचं नाही. हे दोनदा सांगायला हवं, कारण आपल्या घरात दूध आलं की हात आपोआप गॅसकडे जातो. दूध उकळलं की त्यातली निवळीतली प्रथिनं उष्णतेने बिघडून केसीनला चिकटतात, मग रेनेटला केसीनपर्यंत नीट पोचता येत नाही आणि जाळं ढिलं होतं. टेट्रा पॅकचं दूधही याच कारणाने बाद. पिशवीवर नुसतं ‘पाश्चराइज्ड’ लिहिलेलं असेल तर चालतं.

पनीरचं उदाहरण इथे घेतो, कारण ते आपल्या सगळ्यांच्या हातातलं आहे. पनीरसाठी आपण दूध उकळीला आणून मग ॲसिड घालतो. पनीर फाटतं तिथला पीएच ५.३ च्या आसपास असतो, म्हणजे आंबटपणाच्या दृष्टीने तो मोझरेलाच्या पट्ट्यातच बसतो. तरीही पनीर कधी ताणलं जात नाही आणि तव्यावर वितळतही नाही. कारण उकळल्यामुळे निवळीतली प्रथिनं केसीनला घट्ट जखडून बसतात आणि धागे सरकायला जागाच उरत नाही. त्यामुळे नुसता पीएच बरोबर आला म्हणून तार येईलच असं नाही. दूध आधी किती तापलंय हेही त्याच्या जोडीने बघायचं. व्हिनेगर घालून रेनेटशिवाय मोझरेला करण्याच्या ज्या रेसिपी आपल्याकडे लोकप्रिय आहेत, त्या याच कड्यावरून चालतात. कच्चं दूध ४५ अंशाला ठेवून व्हिनेगर घातलं तर ताणलं जाणारं कर्ड खरंच मिळतं, पण दूध फार तापलं की तुमचं नकळत पनीर होतं. तिथे चुकायला फार जागा आहे, शिवाय प्रत्येक बाटलीतल्या व्हिनेगरची ताकद वेगळी. मी त्या वाटेला जात नाही.

तर पुढची खेप. दहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड काट्यावर मोजा. दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच. चमच्याने मोजू नका, बारीक पूड आणि मोठे खडे यांत वजनाचा बराच फरक पडतो. ते उकळून गार केलेल्या पाऊण वाटी पाण्यात विरघळवा. दूध ८ ते १० अंशाला असतानाच त्यात हे पाणी धारेने घाला आणि सतत ढवळत राहा. दूध थंड असेल तर जिथे धार पडते तिथे ते फाटत नाही. कोमट दुधात घातलंत तर बारीक दाणे होतात आणि ते शेवटपर्यंत दाणेच राहतात. आधी तीन चतुर्थांश घाला, दोन मिनिटं ढवळा, मग पीएच बघा. म्हशीच्या दुधाला मी ५.५ ते ५.६ च्या मध्ये थांबतो. अजून वर असेल तर उरलेलं थोडं थोडं घाला. दहा ग्रॅम हा अंदाज आहे. पिशवी, ऋतू आणि जनावराचा चारा यांप्रमाणे तो अर्धा-एक ग्रॅम इकडेतिकडे होतो.

पीएच मीटर नसेल तर कागदी पट्ट्यांच्या भानगडीत पडू नका. त्या अर्ध्या अंकाचाच फरक सांगतात, आणि इथे आपला सगळा खेळ त्या अर्ध्या अंकातच आहे. दुधाचा पांढरा रंग त्यांच्यावर बसतो तो वेगळाच. मीटर घेतलात तर ठरावीक पीएचच्या दोन द्रावणांनी जुळवून मगच वापरा आणि दुधाचा नमुना वाटीत काढून खोलीच्या तापमानाला आणून मोजा. मीटर नसेल तर नऊ ग्रॅमपासून सुरुवात करा, सुपारीच्या तुकड्याची परीक्षा करा आणि पुढच्या खेपेला अर्धा ग्रॅम वर-खाली करा. दोन-तीन खेपांत तुमच्या दुधाचं प्रमाण सापडतं. फक्त तोवर दुधाचा ब्रँड बदलू नका.

मग दूध मंद आचेवर ३४ अंशापर्यंत आणा. रेनेट पाकिटावरच्या प्रमाणाने, पण पाणी नळाचं नको. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रेनेटला मारतं. उकळून गार केलेलं पाणी घ्या. रेनेट घालून अर्धं मिनिट वरून खाली ढवळा आणि मग पातेल्याला हात लावू नका. आंबट केलेलं दूध रेनेटने लवकर लागतं, दहा मिनिटांच्या आतही. सुरी घातल्यावर चीर स्वच्छ पडली आणि तिच्यात हिरवट पिवळी निवळी दिसली की दोन-तीन सेंटीमीटरचे चौकोन कापा, पाच मिनिटं थांबा, मग हळूहळू ४१-४२ अंशापर्यंत तापवत हलक्या हाताने ढवळा. इथे घाई केली तर चौकोनांवर कातडी येते आणि आतली निवळी आतच कोंडून राहते. त्या निवळीबरोबरच आपलं सुटलेलं कॅल्शियम बाहेर जायचं असतं, हे विसरू नका. मग चाळणीत काढा, उलटसुलट करत दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. पाऊण किलोच्या आसपास कर्ड मिळेल. त्याचा तुकडा काढा, परीक्षा घ्या, आणि तार आली तरच पाणी ओता.

ताणताना कमी हात लावा. कर्ड एकजीव आणि चकचकीत झालं की तीन-चार वेळा ओढून घडी घातली तरी पुरतं. पोळीची कणीक मळतो तसं मळत बसलात तर निवळी आणि फॅट दोन्ही निघून जातं आणि गोळा कडक होतो. वळलेला गोळा लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, नाहीतर तो बसतो.

कॅल्शियम क्लोराइडबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण बऱ्याच रेसिपीत ते ‘पाश्चराइज्ड दुधाला आवश्यक’ म्हणून घालायला लावतात. दूध तापवल्यावर त्यातलं थोडं कॅल्शियम रेनेटच्या उपयोगाचं राहत नाही आणि कर्ड ढिलं लागतं, तेव्हा कॅल्शियम क्लोराइड घातलं की ते घट्ट लागतं. चेडरसारख्या चीझला हे ठीक आहे. पण इथे आपण सायट्रिक ॲसिडने कॅल्शियम काढतोय आणि त्याच पातेल्यात वरून कॅल्शियम घालतोय, याला काय म्हणायचं? कर्ड घट्ट लागलं म्हणून माणूस खूश होतो आणि तासाभराने पाण्यात त्याचे तुकडे पडतात. म्हशीच्या दुधात तर ते घालायचं कारणच नाही, त्याचं कर्ड मुळातच घट्ट लागतं. गाईच्या पिशवीतल्या दुधाचं कर्ड अगदीच बिलबिलीत होत असेल तर दर लिटरला ०.१ ग्रॅमच्या पुढे जाऊ नका, आणि ॲसिड किंचित वाढवून त्याची भरपाई करा. त्याने कर्ड सुधारत नसेल तर दूधच बदला. ते बहुधा जास्त तापवलेलं किंवा पावडर मिसळलेलं असतं. उन्हाळ्यात दूध कमी येतं तेव्हा असं मिश्रण बाजारात जास्त दिसतं, म्हणून एप्रिल-मे मध्ये एरवी जमणारी रेसिपी अचानक बिघडली तर स्वतःच्या हाताला दोष देण्याआधी पिशवी वाचा.

बिघडलेलं कर्ड वाचवता येतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येणार. विरजणावर केलेलं कर्ड कमी आंबट निघालं तर सोपं आहे. ते कोमट निवळीत आणखी थांबू द्या आणि दर वीस मिनिटांनी तुकड्याची परीक्षा घ्या. आतले जिवाणू काम करतच असतात. ४० अंशाच्या आसपास ठेवलं तर तास-दीड तासात चांगलाच फरक पडतो. सायट्रिक ॲसिडच्या कर्डात विरजणच नसतं, ते आपणहून आणखी आंबट होत नाही. त्याच्यासाठी निवळीत लिटरला तीन-चार ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, ती ४० अंशाला आणा आणि कर्डाच्या अगदी पातळ पट्ट्या करून अर्धा-पाऊण तास त्यात ठेवा. कमतरता थोडी असेल तर तार येते. पण बाहेरून आत ॲसिड सारखं पोचत नाही, म्हणून पट्टीची कड लगदा आणि मधला भाग कडक असंही होतं. तुमच्या पहिल्या खेपेसारखं फट्कन तुटणारं कर्ड मी वाचवायच्या मागे लागणार नाही. मीठ लावून, फडक्यात बांधून वजनाखाली ठेवलं की सकाळपर्यंत छान वडी होते, तव्यावर परतून खायला उत्तम. जास्त आंबट झालेल्या लगद्याला मात्र परतीची वाट नाही, कारण निघून गेलेलं कॅल्शियम आणि फॅट परत येत नाही. ते निथळून मीठ-मिरची घालून पराठ्याच्या सारणात घाला.

शेवटी एक, जमलेल्या गोळ्याबद्दल. तो नुसत्या साध्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवलात तर दुसऱ्या दिवशी वरचा थर बुळबुळीत होतो, साल सुटल्यासारखा. हेही कॅल्शियमचंच. पाण्यात कॅल्शियम नसलं की चीझच्या पृष्ठभागातलं उरलेलं कॅल्शियम पाण्यात उतरत जातं आणि तिथलं जाळं सुटतं. म्हणून दोन-तीन दिवस ठेवायचं असेल तर पाण्यात एक टक्का मीठ, लिटरला एक ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घाला. पातेल्यात नको म्हटलेली ती कॅल्शियम क्लोराइडची पुडी इथे उपयोगी पडते.